समासातली तारीख

आईच्या मृत्यूची तारीख मी खोटी दिली. एकाच दिवसाने खोटी. पण मी डिचोलीच्या पोस्टात कारकून होतो, आणि सकाळी गेल्या गेल्या शिक्क्यातली तारीख बदलणं हे माझं पहिलं काम असे. कालची तारीख राहिली तर पोस्टमास्तर सगळ्यांसमोर बोलायचे, आणि त्यांचं काही चुकत नसे. त्याच माणसाने पंचायतीच्या टेबलासमोर बसून सोमवारचा मंगळवार केला आणि खाली आपली सही ठोकली.

आमचं घर पेडणे तालुक्यात. खरं म्हणजे ते आमचं आजोळ. वडील लवकर गेले, तेव्हा आई आम्हा दोघा भावांना घेऊन माहेरी आली. ती एकुलती एक, त्यामुळे पुढे आजोबा गेल्यावर घर, परसातले माड आणि मागची काजूची बाग तिच्या एकटीच्या नावावर आली. मी पोस्टात लागलो. धाकटा भाऊ सुर्ल्याला खाणीवर ट्रक चालवायचा. त्याची बायको सिंधुदुर्गातली, सावंतवाडीच्या बाजूची. त्यांना मूल नव्हतं. तिला घरात सगळे धाकटी म्हणायचे, मीही म्हणायचो.

गोवा घटकराज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. भिंतींवर मराठी-कोंकणीच्या वादातल्या घोषणा अजून पुसट दिसायच्या. त्या हिवाळ्यात भावाची मूत्रपिंडं निकामी झाली. त्याला म्हापशाला इस्पितळात ठेवलं, धाकटी त्याच्या उशाशी. इकडे आईने अन्न टाकलं. मी रोज कामावरून येताना इस्पितळात डोकवायचो आणि घरी येऊन आईला सांगायचो, आज बरा आहे. ती ऐकून घ्यायची आणि तोंड फिरवायची.

सोमवारी गावची जत्रा. दुपारी तीनच्या सुमाराला आई गेली. मी जवळ होतो, माझी बायको होती आणि शेजारची म्हातारी होती, जिने आईबरोबर पन्नास वर्षं विहिरीवर भांडणं केली होती. बायकोने हंबरडा फोडायला तोंड उघडलं तेवढ्यात म्हातारीने तिच्या तोंडावर हात दाबला. का, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. गावात मढं असताना पालखी उठत नाही. आणि आमच्या दारात तर पालखीला आरतीचा मान, आजोबांपासूनचा.

मी मागच्या दाराने जाऊन देवळाच्या मुख्य मानकऱ्यांना गाठलं. थोर माणूस, आजोबांच्या मांडीवर खेळलेले. त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, "पालखी परत येयसर कोणाक सांगू नको." मी विचारलं, आरतीचं काय करू? ते म्हणाले, "दी. दिली नाय तर सगळ्यांका कळतला."

म्हणून आरती दिली. आतल्या खोलीची जनेलं लावून घेतली, एकही खिडकी उघडी ठेवली नाही, आईच्या अंगावर चादर ओढली, आणि बाहेर माझी बायको हिरवी साडी नेसून तबक घेऊन उभी राहिली. ढोल दारात आले. ओवाळताना निरांजन कलंडलं आणि तूप तबकात सांडलं. कुणीतरी म्हणालं, सासूच्या आजारपणात दमलीय बिचारी. पालखी पुढे गेली. ती रात्रभर वाड्यावाड्यांतून फिरते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात परत येते.

मंगळवारी सकाळी पाव विकणारा पोदेर आला, तेव्हा मी नेहमीसारखे चार उंडे घेतले. घेतले नसते तर त्याने पुढच्या दारात जाऊन विचारलं असतं. त्या चार पावांची मला आजही शिसारी येते. नऊच्या सुमाराला तिठ्यावरचा दुकानदार धावत आला. त्याच्याकडे फोन होता. धाकटीने इस्पितळातून निरोप धाडला होता: भाऊ पहाटे पाच वाजता गेला.

एका दिवसात दोन मरणं माझ्या गळ्यात आणि मला रडायचीही सोय नाही. भावासाठी रडलो, तेवढं चालण्यासारखं होतं; त्याचं मढं गावात नव्हतं. बारा वाजता पालखी देवळात पोचून वाजंत्री थांबल्याचं कळलं, तसं मी पुढचं दार उघडलं आणि लोकांना सांगितलं, आई गेली. दुकानदारच पहिला आला. "कशी?" त्याने विचारलं. आणि माझ्या तोंडून, कुणी शिकवलं नसताना, निघालं, "बातमी ऐकली नि गेली."

एवढं बास झालं. संध्याकाळी धाकटी भावाला घेऊन आली तोवर सगळ्या गावाला पाठ झालं होतं की लेकाची बातमी ऐकून आईने प्राण सोडला. बायका डोळे पुसत एकमेकींना सांगत होत्या. धाकटीने आईला पाहिलं, ते ऐकलं, आणि ती दारातच खाली बसली. तिच्याकडे तेव्हा माझं लक्ष नव्हतं. दोन चितांची लाकडं जमवायची होती.

दहाव्या-अकराव्या दिवशी मी पंचायतीत गेलो. एकवीस दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करावी लागते, आणि घरात मेलेल्या माणसाची ती घरातल्या कर्त्याने करायची. सेक्रेटरीकडे दोन पंचायती होत्या, म्हणून तो आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. तरुण पोरगा, अक्षर सुरेख. त्याने विचारलं, कधी वारल्या? मी मंगळवारची तारीख सांगितली. त्याने लिहिली, मी सही केली, त्याने उतारा दिला. काम इतकं सुतासारखं सरळ झालं की मी त्याचे आभार मानले.

भावाचा दाखला मात्र आमच्या पंचायतीत मिळेना. मरण जिथे येतं तिथे नोंद, घर कुठेही असो. इस्पितळाने कळवलं होतं म्हापशाच्या नगरपालिकेला, तेव्हा दाखलाही तिथूनच. धाकटी आणि मी तीनदा गेलो. पहिल्यांदा इस्पितळाचा कागद पोचला नव्हता, दुसऱ्यांदा वडिलांचं नाव चुकलं होतं. तिसऱ्यांदा मिळाला, तेव्हा धाकटीने तो पदराखाली धरून बसमधून आणला, जणू तो भिजला असता. बाहेर तर कडक ऊन होतं.

मग सुरू झालं ते. मेलेल्या माणसाला जिवंतांपेक्षा जास्त ठिकाणी हजेरी लावावी लागते, हे मला तोवर माहीत नव्हतं. खाणीच्या कचेरीत भावाचा दाखला, फंडाच्या अर्जाला दाखला, विम्याला दाखला. आईचा बँकेत, रेशनकार्डावरून नाव कमी करायला, घरपट्टीला, विजेच्या मीटरला. कुणी झेरॉक्स मागे, कुणी साहेबाच्या सहीची झेरॉक्स, कुणी म्हणे मूळ प्रत ठेवून जा. आईचं एक पोस्टाचं पुस्तक होतं. ते माझ्याच पोस्टात. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस, जो माझ्या घरी तेराव्याचं जेवण जेवला होता, तो मान खाली घालून म्हणाला, "दाखलो लागतलो रे. नियम आसा." मी दिला. त्याने त्यावर माझ्याच शिक्क्याने तारीख मारली.

प्रत्येक खिडकीवर मला ती तारीख वाचून दाखवत. बरोबर ना? मी म्हणायचो, बरोबर.

पावसाळा सरल्यावर मी पेडण्याला वकिलाकडे गेलो. घर आईच्या नावावरून काढायचं तर आधी वारस कोण ते ठरवणारा दस्त सब-रजिस्ट्रारकडे करावा लागतो, तीन तिऱ्हाईत साक्षीदार घेऊन. जुनी माणसं त्याला पोर्तुगीज नावाने हाबिलितासांव म्हणतात. तो झाला की मामलेदाराकडे जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नावं चढतात. वकिलाकडे कागद लिहिणारा एक म्हातारा होता, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याने दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले.

"एकाच दिवशी?" तो म्हणाला. "आधी कोण?"

मी त्याच्या चष्म्याचा दोरा बघत बसलो.

"दाखल्यावर वेळ नसते. साक्षीदारांना विचारणार. गाव काय म्हणतो?"

"भाऊ आधी. आई मागून, ते ऐकून."

"मग तुमचं काम सोपं झालं," तो म्हणाला आणि मला समजावून सांगितलं. आमच्या गोव्यात जुना कायदा, नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी. आई जर आधी गेली असती तर अर्धं घर तिथल्या तिथे भावाचं झालं असतं, आणि त्याच्या अर्ध्यातलं अर्धं त्याच्या बायकोचं. म्हणजे घराचा चौथा हिस्सा तिच्या हक्काचा. पण भाऊ आधी गेला, तर त्याला आईचं काही मिळालंच नाही. त्याला नाही, तर त्याच्या बायकोला कुठून? मूल असतं तर गोष्ट वेगळी. "आईचे वारस तुम्ही एकटे," तो म्हणाला.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आतून लाज वाटली, पण आधी बरं वाटलं. माझा मुलगा लग्नाचा होता. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती भात गाळता गाळता म्हणाली, "तिला मी कुठे घालवतेय? राहू दे ती. पण कागदावर कशाला?" तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. धाकटी तेव्हा विहिरीवर होती. नवऱ्याचे फंडाचे कागद तिने मलाच आणून दिले होते आणि विचारलं होतं, "भावोजी, हे नीट ठेवशात मा?"

ती आमच्यात राहायची, पण कशी, ते मी बघत होतो. आईच्या खोलीत ती पाऊल टाकायची नाही. केर बाहेरूनच काढायची, उंबऱ्यापर्यंत. जेवायला सगळ्यांच्या मागून, आणि जेवायची म्हणजे ताटाशी बसून उठायची. मला वाटायचं नवऱ्याचं दुःख आहे. सोपं पडतं तसं समजायला.

वर्ष होत आलं. आणि इथे माझी गोची झाली. सरकारला मी काहीही तारीख देईन. पण भटाला? वर्षश्राद्ध तिथीवर होतं. चुकीच्या दिवशी पान वाढलं तर ते आईला पोचणार नाही, आणि ती उपाशी दारात उभी राहील. हसायचं त्याने हसावं, मी त्या बाबतीत घाबरट आहे. भटाला मी खरी तिथी सांगितली, आईची जत्रेची, भावाची दुसऱ्या दिवशीची. तोही गावचाच, काय समजायचं ते समजला, बोलला नाही. सकाळी लवकर, गाव जत्रेच्या गडबडीत असताना, श्राद्ध उरकायचं ठरलं.

आदल्या दिवशी मी धाकटीला सांगितलं, उद्या आईचं पान आहे, स्वयंपाक सोवळ्यात हवा. ती कुळीथ निवडत होती. हात थांबला.

"जत्रेदिशी कशाक, भावोजी? आये तर दुसऱ्या दिशी गेली."

"भटाने तसं काढलंय," मी म्हणालो.

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, अगदी हळू, "मी निरोप धाडूक नको होतो. सकाळची वेळ, म्हातारा माणूस. दुकानदाराक सांगूक होया होता, घरात सांगू नको म्हणान. माका सुचलाच नाय."

मला एकदम कळलं की वर्षभर ही बाई काय घेऊन बसली होती. नवऱ्याच्या प्रेतापाशी बसून तिने एक निरोप धाडला, आणि आम्ही गावाने तिला सांगितलं की तुझ्या निरोपाने सासू मेली. मीच सांगितलं. मी तिथून उठलो आणि परसात जाऊन उभा राहिलो. घराचा हिस्सा तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता.

तरीही लगेच बोललो नाही. मला आधी कागद हवा होता. आयुष्य पोस्टात गेल्यावर माणसाला तोंडी बोलण्याचा भरवसा राहत नाही, स्वतःच्या तर नाहीच.

शुक्रवारी सेक्रेटरीकडे गेलो. त्याने पेन खाली ठेवलं आणि सगळं ऐकलं. म्हणाला, "खोडता येत नाही. मूळ नोंद तशीच राहणार. बाजूला समासात दुरुस्ती लिहायची, वर माझी सही आणि तारीख. पण त्याला खरी गोष्ट माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांची प्रतिज्ञापत्रं लागतात. आणि खोटी माहिती दिली म्हणून तुम्हाला दंड होऊ शकतो." मी म्हटलं, होऊ दे.

दोन माणसं. मानकऱ्यांकडे गेलो. ते झोपाळ्यावर होते, अंग थकलेलं. मी सांगितलं तसा त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. म्हणाले, मी त्या दिवशी तुझ्या घरी आलो नव्हतो, मला काय माहीत. मी म्हणालो, मीच आलो होतो तुमच्याकडे. ते म्हणाले, आठवत नाही. मग झोपाळ्याची कडी धरून म्हणाले, "देवाची पालखी सुतकात फिरली म्हणान कागदार लिवन दिवचें? माझ्या सहीन?" मी उठलो. त्यांचाही मला राग आला नाही फारसा. त्यांनी जे केलं ते गावासाठी केलं होतं, आणि मी जे केलं ते सोयीसाठी.

शेजारच्या म्हातारीने मात्र विचारायला लावलं नाही. "आंगठो खंय मारूचो ता सांग," ती म्हणाली. "तिका मीच न्हाणयला. माका आता कोण काय करतलो?" दुसरी माझी बायको. तिने दोन दिवस मला सुखाने जेवू दिलं नाही. भांडी आपटली, मुलाचं नाव काढलं, आरतीचा मान जाईल म्हणाली. खरंच होतं ते. तिसऱ्या दिवशी स्वतःच साडी बदलून बाहेर आली. म्हणाली, "चला. ते तबक मी अजून घासतेय. तूप निघत नाही."

दोघींना घेऊन पेडण्याला मामलेदार कचेरीत गेलो. म्हातारी बसमध्ये माझ्या खांद्याला धरून उभी. प्रतिज्ञापत्रं झाली. पुढच्या मंगळवारी सेक्रेटरीने मोठं रजिस्टर काढलं, आईच्या नावासमोर समासात बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या आणि नवा उतारा दिला. माझी जुनी सही तिथेच होती, मंगळवाराच्या खाली. ती तशीच राहणार, हे मला बरं वाटलं की वाईट, अजून सांगता येत नाही.

घरी आलो तेव्हा धाकटी पुढच्या पडवीत वाती वळत होती. मी कागद तिच्यासमोर ठेवला. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून बोट ठेवून तारीख सांगितली. आणि मग सगळं सांगितलं. दुपारी तीन. चादर. आरती. पाव. माझ्या तोंडून निघालेलं वाक्य. वकिलाच्या कारकुनाने काय सांगितलं तेही, आणि मला काय वाटलं होतं तेही. चौथा हिस्सा तुझा आहे, म्हणालो, आता दस्त तसाच होईल.

तिने ते हिश्शाचं ऐकलंच नसावं. बोट तारखेवर ठेवून होती.

"हो सोमवार?"

"सोमवार."

"माजो निरोप मंगळवारचो."

"हो."

"म्हणजे आयेन माजो निरोप ऐकूकच नाय."

मी मान हलवली. मला वाटलं ती आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर माझं ओझं हलकं झालं असतं. ती रडलीही नाही. कापसाचे तंतू मांडीवरून झटकले आणि उठून आत गेली. आईच्या खोलीचा उंबरा ओलांडला. आतून जनेल उघडल्याचा आवाज आला, वर्षभर गंजलेल्या कडीचा.

दस्त झाला, तिची सही घेऊन. त्याआधी मला पुन्हा सगळ्या दारांवर जावं लागलं, बँकेत, रेशनच्या कचेरीत, माझ्याच पोस्टात. नवी तारीख, जुनी तारीख, का बदलली, अर्ज द्या. पुढच्या जत्रेला पालखी आमच्या दारावरून न थांबता गेली. ढोल आमच्या कुंपणापाशी आले तेव्हा वाजायचे थांबले आणि पुढच्या घरापाशी पुन्हा सुरू झाले. बायको आत होती. तबक तिने त्या दिवशी काढलंच नव्हतं. मानकरी पालखीमागून चालले होते, त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. आजतागायत पालखी आमच्या दारात थांबलेली नाही, आणि मुलगा ते मला अधूनमधून ऐकवतो.

धाकटी त्यानंतर चार वर्षं आमच्यात राहिली आणि मग माहेरी भावाकडे गेली. तिचा चौथा हिस्सा उताऱ्यावर तिच्या नावाने आहे, तिने तो कधी मागितला नाही. जायच्या आदल्या दिवशी मी कागदांचा डबा उघडून बसलो होतो, तर ती येऊन शेजारी बसली.

"भावोजी, आयेचो एक दाखलो माका दिया."

"कुठे द्यायचाय?" मी सवयीने विचारलं. "बँकेत असेल तर सहीची प्रत लागेल."

"खंयच नाय," ती म्हणाली. "माज्याकडे ठेवूचो आसा."

मी तिला मूळ प्रत दिली. तिने ती चार घड्या घालून पदराच्या टोकात बांधली.